परिच्छेदाला एकच मालक: परीक्षेतल्या निबंधात सूत्रवाक्य कसे लिहावे

यूपीएससी मुख्य परीक्षेचे निबंध तपासायला बसलो की मी आधी निबंध वाचत नाही. प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले वाक्य वाचतो आणि पान उलटतो. दोन मिनिटांत कळते की लिहिणाऱ्याला काही म्हणायचे आहे की त्याच्याकडे नुसती माहिती आहे. माहिती बहुतेकांकडे असते. अडते ते परिच्छेदापाशी.

आधी एक नमुना पाहू. सरावासाठी विषय दिला होता, 'महाराष्ट्रातला दुष्काळ निसर्गापेक्षा माणसाने अधिक घडवला आहे'. अशा विषयावर हमखास येणारा परिच्छेद मी इथे स्वतः बांधला आहे, पण तुम्हाला तो ओळखीचा वाटेल:

> महाराष्ट्रात पाण्याची समस्या गंभीर आहे. १९७२ चा दुष्काळ आजही लोकांच्या स्मरणात आहे. त्यातूनच रोजगार हमी योजना पुढे आली. तसेच २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. ऊस हे जास्त पाणी लागणारे पीक आहे. हिवरे बाजारसारख्या गावांनी आदर्श घालून दिला आहे. शिवाय हवामान बदलामुळे पाऊस अनियमित झाला आहे. म्हणून प्रत्येकाने पाणी जपून वापरले पाहिजे.

यातले एकही वाक्य चूक नाही. भाषा स्वच्छ आहे, उदाहरणे महाराष्ट्रातली आहेत, वर्षेही बरोबर आहेत. तरीही हा परिच्छेद गुण मिळवून देत नाही, कारण यात आठ वाक्ये आहेत आणि जवळजवळ तितकेच विषय. इतिहास, सरकारी योजना, टंचाई, पीकपद्धती, आदर्श गाव, हवामान आणि शेवटी उपदेश. परीक्षकाने हा परिच्छेद वाचून बाजूला ठेवला आणि कोणी विचारले, 'काय म्हणतोय तो?', तर त्याला एवढेच सांगता येईल की 'पाण्याबद्दल काहीतरी म्हणतोय.'

आणखी एक खूण बघा. यातले चौथे वाक्य सहाव्याच्या जागी नेले, पाचवे दुसऱ्याच्या जागी आणले, तरी काही बिघडत नाही. ज्या परिच्छेदातली वाक्ये पत्त्यांसारखी पिसता येतात, त्यात विचार पुढे सरकत नसतो. स्वतःचे लेखन तपासायची ही सगळ्यात जलद चाचणी आहे.

सूत्रवाक्य म्हणजे विषयाचे नाव नव्हे

परिच्छेद ज्या एका विधानासाठी लिहायचा, ते विधान सांगणारे वाक्य म्हणजे सूत्रवाक्य. व्याख्या सोपी आहे, पण प्रत्यक्षात मुले दोन ठिकाणी चुकतात. 'ऊस' हा विषय घेऊन तीन वाक्ये बघू:

'महाराष्ट्रातील ऊसशेती आणि पाणी यांचा विचार करणे आवश्यक आहे.' हे नुसते विषयाचे नाव झाले. पुढे काहीही येऊ शकते, त्यामुळे पुढे काहीही येते.

'ऊस हे जास्त पाणी लागणारे पीक आहे.' ही वस्तुस्थिती झाली. ती खरी आहे, सगळ्यांना मान्य आहे आणि म्हणूनच तिथेच संपते. तिच्यानंतर तिला चिकटेल असे दुसरे वाक्य सुचत नाही, मग लिहिणारा हिवरे बाजारकडे वळतो.

'मराठवाड्यात पाऊस कमी पडतो हे खरे, पण तिथली टंचाई तीव्र केली ती पिकांच्या निवडीने.' हे विधान झाले. ऐकणारा लगेच विचारतो, 'कशी काय?' त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच परिच्छेद.

म्हणून सूत्रवाक्य लिहून झाले की स्वतःला विचारा, यावर समोरचा माणूस 'का?' किंवा 'कसे?' म्हणेल का? आणि एखादा शहाणा माणूस याच्याशी असहमत होऊ शकेल का? दोन्हींचे उत्तर 'हो' असेल तर वाक्य चालेल. समोरचा नुसता 'बरं' म्हणणार असेल, तर ते वाक्य परिच्छेदाच्या आत पुरावा म्हणून जाईल, डोक्यावर बसणार नाही.

उलट बाजूची चूकही होते. 'जागतिकीकरणाने भारतीय समाजजीवन सर्व अंगांनी बदलले आहे' यावर 'कसे?' असा प्रश्न नक्की येतो, पण उत्तर शंभर-सव्वाशे शब्दांत मावत नाही. सूत्रवाक्याचे माप परिच्छेदाच्या मापाचे हवे. 'सर्व', 'नेहमी', 'प्रत्येक क्षेत्रात' हे शब्द सूत्रवाक्यात दिसले की मी विद्यार्थ्याला ते खोडून तिथे एका गोष्टीचे नाव लिहायला सांगतो.

मराठी वाक्याची एक अडचण

मराठीत क्रियापद शेवटी येते. त्यामुळे 'स्वातंत्र्योत्तर काळात झालेल्या सिंचन प्रकल्पांच्या विस्तारामुळे निर्माण झालेल्या अपेक्षांच्या पार्श्वभूमीवर नगदी पिकांकडे वळलेल्या शेतकऱ्यांसमोरील पाणीप्रश्न अधिक जटिल बनला आहे' असे वाक्य लिहिले की वाचणारा शेवटपर्यंत श्वास धरून बसतो आणि हाती लागते ते 'जटिल बनला आहे'. मुख्य विधान विशेषणांच्या गर्दीत बुडते. तपासताना एका बैठकीत अनेक उत्तरपत्रिका वाचणाऱ्याकडून ते बाहेर काढण्याची अपेक्षा ठेवू नका.

यावर मराठीतच सोपा उपाय आहे. 'खरे, पण', 'दिसते तसे नाही', 'प्रश्न अमुकचा नाही, तमुकचा आहे' अशी दोन तुकड्यांची वाक्ये घ्या. पहिल्या तुकड्यात सगळ्यांना मान्य असलेली गोष्ट, दुसऱ्यात तुमचे म्हणणे. त्यात 'ती पिकांच्या निवडीने' असा जोर देणारा शब्द शेवटी आला की विधान लपत नाही. बारा ते अठरा शब्दांत सूत्रवाक्य बसले तर उत्तम. मात्र सगळेच परिच्छेद 'खरे, पण' ने सुरू केलेत तर परीक्षकालाही साचा दिसेल, तेव्हा अधूनमधून सरळ विधान करा.

आधी आठ वाक्ये, मग निबंध

यूपीएससीच्या निबंधाच्या पेपरमध्ये तीन तासांत दोन निबंध लिहायचे असतात, प्रत्येकी १२५ गुणांचे, साधारण १,००० ते १,२०० शब्दांचे. म्हणजे एका निबंधाला दीड तास. राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यामुळे हे गणित आता मराठीतून लिहिणाऱ्या पुष्कळ जणांना करावे लागते. दीड तासातली पहिली पंधरा ते वीस मिनिटे मी कच्च्या कामाला द्यायला सांगतो. मुले घाबरतात, कारण शेजारचा लिहायला लागलेला असतो. लागू दे.

एका परिच्छेदाला शंभर ते एकशेतीस शब्द धरले, तर प्रस्तावना आणि समारोप मिळून नऊ-दहा परिच्छेद होतात. म्हणजे मधले सात-आठ. कच्च्या कामाच्या पानावर बहुतेक जण 'ऊस, लातूर, रोहयो, हवामान' असे शब्द लिहून त्यांना बाण जोडतात. तसे करायला हरकत नाही, पण तिथेच थांबू नका. त्या शब्दांवरून मधल्या सात-आठ परिच्छेदांची सूत्रवाक्ये पूर्ण वाक्यांत लिहून काढा, क्रियापदासकट. 'ऊस' या शब्दाला मत नसते. वाक्य पूर्ण करायला गेलात की मत ठरवावेच लागते.

आपल्या विषयावरची पहिली चार अशी होतील:

> १. पर्जन्यछायेचा प्रदेश निसर्गाने दिला, पण कमी पाऊस म्हणजे दुष्काळ नव्हे.
>
> २. १९७२ मध्ये धान्य नव्हते, २०१६ मध्ये पाणी नव्हते. म्हणजे दुष्काळाचे स्वरूपच बदलले.
>
> ३. मराठवाड्यातली टंचाई तीव्र केली ती पिकांच्या निवडीने.
>
> ४. या निवडीचा दोष एकट्या शेतकऱ्याला देता येत नाही, कारण हमीचा खरेदीदार त्याला उसातच दिसतो.

आता ही चार वाक्ये सलग मोठ्याने वाचा. ती एका छोट्या परिच्छेदासारखी वाचली जातात. दुसऱ्यातून तिसरे निघते, तिसऱ्यावर जो आक्षेप येईल त्याला चौथे उत्तर देते. निबंधाचा सांगाडा तयार आहे की नाही, हे इथे कळते. एखादे वाक्य मागच्या-पुढच्याशी बोलत नसेल तर त्याची जागा बदला किंवा ते काढून टाका. कच्च्या कामात एक वाक्य खोडायला पाच सेकंद लागतात, उत्तरपत्रिकेत एक परिच्छेद वाया गेला तर सात-आठ मिनिटे जातात.

याच पायरीवर आणखी एक दोष पकडता येतो. २०२२ च्या यूपीएससीत बंदरातल्या जहाजाचा विषय होता. जहाज बंदरात सुरक्षित असते, पण जहाज त्यासाठी नसते, असा त्याचा आशय. अशा विषयावर मुले सामाजिक, आर्थिक, राजकीय, वैज्ञानिक अशी खाती पाडतात आणि प्रत्येक खात्यात 'इथेही धोका पत्करल्यानेच प्रगती झाली' असे लिहितात. प्रत्येक परिच्छेद आतून एकसंध असतो, कुठेही पाल्हाळ नसतो, पण सूत्रवाक्ये खाली खाली लिहिली की दिसते, सहा वेळा एकच वाक्य आले आहे, फक्त क्षेत्राचे नाव बदलले आहे. तेव्हा सूत्रवाक्ये एकमेकांशी जोडलेली हवीत आणि एकमेकांपेक्षा वेगळीही हवीत. 'धोका आणि बेफिकिरी यांत फरक आहे' किंवा 'बंदर नसेल तर सफरही होत नाही' असे वाक्य मध्ये आले की निबंध हलतो.

परिच्छेद आतून बांधताना

आता तिसरे सूत्रवाक्य घेऊन अख्खा परिच्छेद लिहू.

> मराठवाड्यात पाऊस कमी पडतो हे खरे, पण तिथली टंचाई तीव्र केली ती पिकांच्या निवडीने. ज्वारी किंवा तूर पावसाळ्याच्या पाण्यावर आणि जमिनीतल्या ओलीवर निघून जाते. ऊस मात्र किमान वर्षभर शेतात उभा असतो. आडसाली लावण तर सोळा-अठरा महिने राहते. म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा पिण्याच्या पाण्याची ओढाताण सुरू होते, नेमके तेव्हाच या पिकालाही पाणी लागते. विहीर, बोअर आणि धरण या एकाच साठ्यावर घागर आणि ऊस दोघेही येतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि साखर कारखाने असलेल्या लातूर जिल्ह्याच्या मुख्य शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. आदल्या पावसाळ्यात पाऊस कमी झाला होताच; पण आधीच्या वर्षांत जमिनीखालची शिल्लक आपण खर्च करून बसलो होतो.

इथे वाक्ये पिसून बघा, जमणार नाही. 'म्हणजे' ने सुरू होणारे वाक्य आधीच्या दोन वाक्यांवर उभे आहे. लातूरचे उदाहरण आता सुटी बातमी राहिलेले नाही, ते घागर आणि ऊस यांच्या ओढाताणीचा पुरावा झाले आहे. पहिल्या नमुन्यातही लातूर होते, वर्षही तेच होते. तिथे त्याला काम नव्हते, इथे आहे.

यात काय आलेले नाही, तेही बघा. उसाला रास्त दर ठरलेला असतो आणि कारखाना खरेदी करतो, तुरीला हमीभाव असला तरी खरेदीदाराची तशी खात्री नसते, हे मला ठाऊक होते आणि लिहायचा मोह झाला होता. पण ते 'शेतकरी असे का करतो' याचे उत्तर आहे आणि हा परिच्छेद 'टंचाई कशी वाढली' एवढेच सांगतो. तो मुद्दा चौथ्या सूत्रवाक्याखाली जाईल. ठिबक सिंचनाचा मुद्दा उपायांच्या परिच्छेदात जाईल. चांगला मुद्दा चुकीच्या परिच्छेदात ठेवला की दोन्हींचे नुकसान होते.

लिहिताना प्रत्येक वाक्याआधी अर्धा सेकंद थांबून त्याचे नाते तपासायची सवय लावा. नवे वाक्य आधीच्याचे कारण आहे का, परिणाम आहे का, उदाहरण आहे का, की त्याला मर्यादा घालते आहे? यांपैकी काहीच नसेल आणि मनात फक्त 'हेही आहे' एवढेच असेल, तर ते वाक्य इथले नाही.

मराठीत याचा चांगला पहारेकरी आहे, 'तसेच'. त्याचे भाऊ 'शिवाय', 'त्याचबरोबर', 'याव्यतिरिक्त'. हे शब्द वाईट नाहीत, पण परीक्षेच्या निबंधात ते बहुतेक वेळा सांधा नसलेल्या जागी येतात. एकदा एका मुलीला मी तिच्या निबंधातले सगळे 'तसेच' गोल करायला सांगितले. अकरा निघाले. त्यांतल्या आठ ठिकाणी परिच्छेद मोडायला हवा होता किंवा वाक्य खोडायला हवे होते. 'कारण', 'म्हणजे', 'त्यामुळे', 'मात्र', 'उदाहरणार्थ' या शब्दांना नाते सांगावे लागते, म्हणून ते सहसा फसवत नाहीत. 'त्यामुळे' वर मात्र नजर ठेवा. कारण-परिणाम नसताना तो सवयीने टाकला जातो. नमुन्यातल्या शेवटच्या वाक्यातला 'म्हणून' तसाच आहे. हवामान बदलले म्हणून प्रत्येकाने नळ बंद करावा, हे तर्कात बसत नाही.

दोन बाजू एका परिच्छेदात चालतील का?

हा प्रश्न दर बॅचला येतो. हिवरे बाजारचे उदाहरण घेऊ. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली, शेतीसाठी बोअरवेलवर बंदी घातली, ऊस-केळीसारखी पिके टाळली. याची मर्यादाही आहे. हे लहान गाव आहे, ग्रामसभेत निर्णय होतो आणि पाळला जातो. अनेक तालुक्यांतून जाणाऱ्या कालव्यावर ते तसेच्या तसे लागू होत नाही. ही मर्यादा त्याच परिच्छेदात घ्यायची की पुढच्या?

उत्तर सूत्रवाक्याकडे आहे. 'पाऊस तेवढाच असताना हिशेब बदलला की गाव बदलते, हे हिवरे बाजारने दाखवले' असे लिहिले असेल, तर मर्यादा बाहेर, नव्या परिच्छेदात. कारण ती आत आणली तर परिच्छेद स्वतःच्याच डोक्याशी भांडायला लागतो. पण 'हिवरे बाजारचा धडा गावापुरता पक्का आहे, कालव्यापुरता अपुरा' असे लिहिले, तर दोन्ही बाजू आत येतात आणि परिच्छेद तरीही एकसंध राहतो, कारण तुलना हाच त्याचा एक विचार आहे. एकसूत्रीपणा म्हणजे एकच बाजू नव्हे. सूत्रवाक्याने जेवढे कबूल केले तेवढे द्यायचे, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही.

सूत्रवाक्य पहिलेच असावे असा नियम मात्र मी प्रस्तावनेला लावत नाही. तिथे एखाद्या दृश्याने सुरुवात करून, उदाहरणार्थ फलाटावर पाण्याची वाट पाहणारे शहर, निबंधाचे मुख्य विधान शेवटच्या वाक्यात आणणे चांगले वाटते. मधल्या परिच्छेदांत हा प्रयोग टाळा. विशेषतः अभंगाच्या ओळीने किंवा सुभाषिताने परिच्छेद उघडण्याची हौस आवरा. ती ओळ कितीही सुंदर असली तरी ती दुसऱ्याची आहे आणि तुमचे विधान तिच्या मागे उभे राहते. आणायचीच असेल तर विधानानंतर आणा.

पेन हातात असताना परिच्छेद भरकटला तर

शाईने लिहिताना मागे जाता येत नाही, तेव्हा हॉलमधले उपाय वेगळे असतात. चौथ्या-पाचव्या वाक्याला लक्षात आले की आपण दुसरीकडे निघालो आहोत, तर तिथेच पूर्णविराम द्या आणि नवा परिच्छेद सुरू करा. आखूड परिच्छेद चालतो, फाटलेला चालत नाही. फक्त नव्या परिच्छेदाचे पहिले वाक्य विधान असेल याची काळजी घ्या, नाहीतर भरकटणे पुढच्या पानावर जाते.

एखादेच वाक्य परके असेल तर त्यावर एक सरळ रेघ मारा. गिरगटू नका, चौकटी काढून बाण देऊ नका. एका रेघेचे कोणाला वाईट वाटत नाही.

परिच्छेद पूर्ण झाला आणि मग जाणवले की तो सूत्रवाक्यापेक्षा वेगळेच बोलतो आहे, असेही होते. लिहिता लिहिता विचार सुधारलेला असतो. अशा वेळी परिच्छेदाला हात न लावता वरचे सूत्रवाक्य रेघ मारून त्याच्या वरच्या रिकाम्या जागेत नवे लिहा. त्यासाठी प्रत्येक परिच्छेदाआधी एक ओळ मोकळी सोडायची सवय आधीपासून हवी. सराव करताना ती ओळ सोडली नाही, तर परीक्षेच्या दिवशी आठवत नाही.

सरावाला नवा निबंध लिहिण्याची घाई करू नका. महिन्याभरापूर्वीचा स्वतःचा निबंध काढा, कोऱ्या कागदावर प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य उतरवा आणि विषय माहीत नसलेल्या घरातल्या कोणाला तरी वाचायला द्या. आई म्हणाली, 'हे सगळं पाण्यावर आहे ना?' तर परत बसा. 'म्हणजे शेतकऱ्याची चूक नाही म्हणतोस?' असे विचारून ती वाद घालू लागली, तर तो कागद जपून ठेवा.